दहा प्रती

वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या मी दहा प्रती घेतल्या होत्या. क्षेत्रीय कार्यालयात जन्म-मृत्यूच्या खिडकीवर बसलेल्या बाईंनी विचारलं, "किती हव्यात?" आणि मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, "दहा." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. बहुतेक लोक एक किंवा दोन मागतात आणि मग महिनाभर पुन्हा पुन्हा येतात, असं त्या म्हणाल्या. मला त्या कौतुकाचं बरं वाटलं. वडील जाऊन बारा दिवस झाले होते आणि मला खिडकीवरच्या बाईंच्या शाबासकीचं बरं वाटत होतं, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं माझ्या याच स्वभावातून घडलं.

मी तळवड्याच्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. कागद हे माझं काम. कुठला पार्ट कुठल्या बॅचचा, कोणी तपासला, कोणी सही केली, हे माझ्याकडे असतं आणि ऑडिटला कोणीही आलं तरी माझी फाइल अडत नाही. घरातही तसंच. वीजबिलं वर्षावार, गॅसची पावती वेगळी, शाळेचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत. बायको म्हणते, तुमच्या कपाटात माणूस गेला तर त्यालाही पंच मारून फाइलला लावाल. मी हसायचो.

वडील चिंचवडच्या एका हॉस्पिटलमध्ये गेले, दुपारी, आई शेजारी बसलेली असताना. चाळीस वर्षांपूर्वी लातूरकडून आले, पिंपरीच्या कारखान्यात लागले, तिथूनच निवृत्त झाले. आम्ही पुनावळ्यात राहतो. फ्लॅट त्यांच्या नावावर, नॉमिनी आई. दाखला मात्र पुनावळ्याच्या हिशोबाने मिळत नाही. माणूस राहतो कुठे याला महत्त्व नाही, जातो कुठे त्या हद्दीत नोंद होते. हे मला आधीपासून माहीत होतं. हॉस्पिटलच्या काउंटरवर मृत्यूची माहिती देण्याचा फॉर्म मीच भरला, आधार कार्डावरून एकेक अक्षर ताडून. डॉक्टरांनी मृत्यूचं कारण लिहिलेला कागद वेगळा असतो, तो नोंदणीसाठी जातो. दाखल्यावर कारण येत नाही. तेही मी बहिणीला समजावून सांगितलं. ती भिंतीला टेकून रडत होती आणि मी तिला समजावत होतो की दाखल्यावर कारण येत नाही.

बहीण माझ्यापेक्षा सहा वर्षांनी धाकटी. चाकणला एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर आहे, म्हणजे होती. कंत्राटी. तीन वर्षं एकाच जागी टिकली होती, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत तिला ठेकेदाराच्या यादीतून कंपनीच्या यादीत घेतील असं लाइनवर बोललं जात होतं. तिच्या नवऱ्याचं पाठीचं दुखणं होतं, त्यामुळे तो कधी टेंपोवर जायचा, कधी नाही. घर तिच्या शिफ्टवर चालत होतं. तिने हे कधी बोलून दाखवलं नाही. पण आईला ठाऊक होतं आणि आईमुळे मलाही.

तेराव्यापर्यंत ती आमच्याकडेच होती. चौदाव्या दिवशी पहाटेची बस धरून गेली. त्याच संध्याकाळी तिचा फोन आला.

तिच्या बोलण्यात घाई नव्हती. म्हणाली, सुपरवायझरने आत घेतलंय, पण हजेरीत तेरा दिवसांवर लाल खूण आहे. ठेकेदाराच्या ऑफिसात पुरावा द्यावा लागेल. "दादा, बाबांच्या दाखल्याची एक झेरॉक्स दे ना. नाहीतर फोनवर पाठव, मी इथे काढून घेईन."

चाकणच्या पट्ट्यात हे नवं नाही. गावी लग्न निघालं, पेरणी आली, जत्रा आली की कामगारांच्या आज्या मरतात. एकाच माणसाची आजी वर्षात तीनदा गेल्याचं मी स्वतः आमच्या कंपनीत पाहिलंय. म्हणून ठेकेदारांनी नियम करून ठेवलाय: मयताची रजा हवी तर दाखला आणा. दहाव्याची पत्रिका चालत नाही, ती कोणीही छापून आणतं. फोनवर फिरलेला फोटो चालत नाही, हार घातलेला असला तरी. दाखला नाही आला तर ते दिवस विनापरवाना गैरहजेरी, आणि दहा दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी म्हणजे नाव कमी. आमच्याकडेही हाच नियम आहे. ऑडिटला त्याही फाइली लागतात, त्या मीच तपासतो.

दाखला तेव्हा माझ्या कपाटात होता. दहाच्या दहा प्रती. फोनवरही त्याची प्रत आली होती. तिला पाठवायला बोट दोनदा टेकवायचं होतं.

मी म्हणालो, "अजून मिळाला नाही गं. वेळ लागतोय."

असं का म्हणालो, याचं उत्तर मी त्या दिवसांत स्वतःला फार चांगल्या शब्दांत दिलं होतं. त्याच सकाळी मी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो होतो. निवृत्त गृहस्थ, सकाळी बागेला पाणी घालतात आणि दुपारी लोकांना सल्ले. त्यांनी सांगितलं की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आईच्या नावाने शेअर सर्टिफिकेट होईल, पण पुढे विकायचं-करायचं झालं तर सगळे वारस लागतील. मग आवाज खाली करून म्हणाले, बहिणीची हक्कसोड आधी उरकून घ्या. आणि दाखला वगैरे तोपर्यंत हातात देऊ नका, राव. माणसं बदलतात. सगळा दोष त्यांच्या डोक्यावर टाकायला मला आवडलं असतं, पण त्यांनी माझ्या मनात काही पेरलं नाही. ते तिथे होतंच. फ्लॅटचे शेवटचे हप्ते मी भरलेत, आईबाबांना मी सांभाळलंय, हे मी गेली कित्येक वर्षं मनात घोळवत होतो, कोणी विचारलं नसताना.

शिवाय ते सगळं मूर्खपणाचंही होतं. दाखल्याची प्रत कोणालाही अर्ज करून मिळते, बहिणीला तर नक्कीच. ती लपवून मी काहीच थांबवत नव्हतो. फक्त तिला दिवसपाळी होती, कार्यालयाची खिडकी दिवसा उघडी असते, आणि तिथे यायचं तर तिला रजा लागली असती. रजेचीच तर पंचाईत होती. आणि मुख्य म्हणजे, भाऊ बघतोय म्हटल्यावर ती कशाला येईल?

पुढचे तीन आठवडे मी वडिलांना एकेका ठिकाणाहून काढत फिरलो. दुसरा शब्द सापडत नाही. बँकेत मॅनेजरने मूळ दाखला पाहिला, झेरॉक्सवर 'मूळ प्रत पाहिली' असं लिहून शिक्का मारला आणि नॉमिनीचा फॉर्म पुढे सरकवला. आईने सही केली. तिची सही इतकी हळू होते की मागच्या रांगेतल्या एकाने घसा खाकरला. पेन्शनच्या कार्यालयात दाखला, लग्नाचा पुरावा, आईचा फोटो, आईचं बँकेचं खातं. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये वडील हयातीचा दाखला द्यायला जायचे, अंगठा मशीनवर ठेवून आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायचे, आणि परत येताना भेळ आणायचे. आता त्याच इमारतीत मी उलटा कागद घेऊन उभा होतो. तिथे मात्र मला रडू आलं, जिन्यात, आणि एका शिपायाने मला पाणी दिलं.

रेशन कार्डातून नाव कमी करायला दाखला. गॅसच्या एजन्सीत दाखला. वीजबिलावरचं नाव बदलायला दाखला, महापालिकेच्या करसंकलनात दाखला. आरटीओत वडिलांची स्कूटर माझ्या नावावर करायला दाखला, आणि वर आईचं आणि बहिणीचं ना-हरकत पत्र, ज्यावर तेराव्यालाच सह्या घेऊन ठेवल्या होत्या. मोबाइलचं सिम बंद करायलाही दाखला, त्या दुकानातल्या मुलीने तो मशीनखाली धरून कोपऱ्यातला चौकोनी कोड स्कॅन केला, स्क्रीनवर वडिलांचं नाव आलं आणि ती म्हणाली, "सर, ओरिजनल आहे." प्रत्येक ठिकाणी मी पिशवीतून एक प्रत काढायचो आणि त्यांनी मागायच्या आत टेबलावर ठेवायचो. गावाकडच्या तुकड्यासाठी तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज केला, त्यालाही एक गेली. त्या अर्जात वारस म्हणून आईचं, माझं आणि बहिणीचं नाव मीच लिहिलं. लिहिताना वाटलं, बघ, मी तिचं नाव कुठे टाळतोय? लिहितोय ना? असा मी स्वतःशीच वाद घालायचो आणि जिंकायचो.

बहिणीचा दुसरा फोन आला तेव्हा मी पेन्शनचीच फाइल लावत होतो. दाखला समोर होता, अक्षरशः हाताखाली. ती म्हणाली, शनिवारपर्यंतची मुदत दिलीय, त्यानंतर नाव कमी करतील म्हणतात. "तू जाऊन आलास का परत? फार त्रास देतायत का रे तुला?"

"सर्व्हर बंद आहे त्यांचा," मी म्हणालो. "आज जाऊन आलो. पुढच्या आठवड्यात या म्हणाले."

"बरं. ऊन फार आहे, दुपारचा जाऊ नकोस," ती म्हणाली.

फोन ठेवला. पाठवून टाकू, असं एकदा मनात आलं. मग वाटलं, पाठवला तर आत्ताच कसा मिळाला हे सांगावं लागेल. आणि हक्कसोडीचा दिवस दहा दिवसांवर आलाय, एकदा सही झाली की त्याच दिवशी हातात देऊ. ठेकेदार लोक मुदती देतात, पाळत नाहीत, हेही स्वतःला सांगितलं. खरं तर पाळतात. आमच्याकडे तर मीच पाळायला लावतो.

फ्लॅटवरचा हक्क सोडायला ती आईमार्फत विचारल्यावर लगेच हो म्हणाली होती. हक्कसोडीसाठी मी आठवड्याच्या मधला वार घेतला होता, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात गर्दी कमी असते म्हणून. तिला यायला जमेल का अशी धाकधूक होती. ती आमच्या आधी येऊन बाकावर बसली होती, तेराव्याला नेसलेल्या त्याच साडीत. मी म्हणालो, बरं झालं, रजा मिळाली. ती म्हणाली, "रजेचा प्रश्न नाही आता," आणि आईला बसायला जागा करून दिली. मी त्या वाक्याकडे लक्ष दिलं नाही. माझं लक्ष टोकन नंबरकडे होतं.

वकिलाच्या माणसाने दस्त तिला वाचायला दिला. ती म्हणाली, दादाने बघितलंय ना, मग झालं. तो म्हणाला, नाही ताई, वाचा. तेव्हा तिने वाचला. दस्ताला सोबत जोडायची कागदपत्रं होती: आधार, पॅन, फ्लॅटचा करार आणि मृत्यूचा दाखला. तो मी पिशवीतून काढून वर ठेवला.

तिने तो उचलला. त्याआधी तिने दाखला पाहिलाच नव्हता. वडिलांचं नाव वाचलं, त्यांच्या आईच्या रकान्यातलं आजीचं नाव वाचलं. आजीचं नाव वाचताना किंचित हसली, कारण त्या नावाने आजीला कोणीच हाक मारत नसे. पत्ता वाचला. मग तिचं बोट खाली गेलं, जिथे निबंधकाच्या सहीशेजारी दाखला दिल्याची तारीख असते.

"हा मागच्या महिन्यातच मिळाला होता?" तिने विचारलं. माझ्याकडे बघत नव्हती, कागदाकडे बघत होती.

मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, "अगं, तेराव्याच्या आदल्या दिवशीच आणलाय की त्यानं. दहा आणल्यात. कपाटातच हायेत." आईला काहीच माहीत नव्हतं. तिला वाटलं, मुलाची तत्परता सांगावी.

बहीण म्हणाली, "असं का." तिने दाखला बाकीच्या कागदांवर सरळ ठेवला, कडा जुळवून. तेवढ्यात आमचा नंबर पुकारला.

आत कॅमेऱ्यासमोर फोटो होतो, मग अंगठा, मग सही. अधिकाऱ्यांनी तिला नेहमीचा प्रश्न विचारला: दस्तातला मजकूर मान्य आहे का, स्वखुशीने करताय का, कोणाचा दबाव नाही ना. तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी खाली पाहिलं. "स्वखुशीने," ती म्हणाली आणि अंगठा ठेवला. मशीनने पहिल्यांदा तो घेतला नाही. तारा सोलून सोलून तिच्या बोटांच्या रेषा पुसट झाल्यात. तिसऱ्या वेळी घेतला.

बाहेर आल्यावर तिने आईला सांगितलं, मला नाही, की शनिवारी तिचं नाव कमी झालं. मुदतीच्या दिवशीच. आई म्हणाली, अगं बाई, का? ती म्हणाली, "कागद वेळेत गेला नाही." एवढंच. आईला उन्हातून रिक्षापर्यंत तिनेच नेलं. मला 'येते' म्हणाली, नेहमीसारखं, आणि चाकणची बस धरली.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि वडिलांच्या स्कूटरवरून चाकणला गेलो. ती आता माझ्या नावावर झाली होती, रीतसर. पिशवीत एक प्रत शिल्लक होती. ठेकेदाराचं ऑफिस म्हणजे एका गाळ्यातलं अर्धं पार्टिशन, बाहेर बाकावर नव्या भरतीच्या पाच-सहा मुली आधार कार्डं हातात धरून बसलेल्या. आतला माणूस माझ्याच वयाचा होता, माझ्यासारख्याच फाइली, त्यांच्या पाठीवर माझ्यासारख्याच चिकटवलेल्या नावांच्या पट्ट्या. मी सांगितलं, कोणाचा भाऊ आहे, कशासाठी आलोय. दाखला टेबलावर ठेवला.

त्याने फाइल काढली. वाचत म्हणाला, "जागा भरली भाऊ, सोमवारीच. आम्ही पंधरा दिवस थांबलो होतो." मग मान वर करून म्हणाला, "तुमची बहीण रोज येऊन सांगायची, भाऊ कार्यालयात खेटे घालतोय, सर्व्हर बंद आहे, उन्हातान्हात जातोय बिचारा. मी म्हटलं, बाई, हे सगळेच सांगतात. तर मला म्हणाली, माझा भाऊ खोटं बोलत नाही."

त्याने दाखला हातात घेतला. वर नाव ताडलं, मृत्यूची तारीख ताडली. मग नजर खाली आणली. तो क्वालिटीचा नव्हता पण कागद कसा वाचायचा ते त्याला येत होतं. त्याने नख तारखेखाली ठेवलं आणि थांबला. "हा तर तेव्हाचाच आहे," तो म्हणाला. "मग ती खोटं बोलत होती?"

बाहेरच्या बाकावरून एक मुलगी आत बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "ती खरं बोलत होती. तिला मी खोटं सांगितलं होतं."

त्याने खुर्ची थोडी मागे घेतली. कशासाठी, असं त्याने विचारलं नाही. आमच्या धंद्यात विचारत नाहीत, नोंद घेतात. म्हणाला, "तिच्या फाइलवर शेरा पडलाय, खोटं कारण दिलं म्हणून. उद्या इथल्या दुसऱ्या ठेकेदाराकडे गेली तर तो मला फोन करणार. तुम्हाला काढून घ्यायचाय का तो शेरा?"

"हो."

"मग लिहून द्या."

त्याने कोरा कागद दिला. मी आजवर शेकड्यांनी असे जबाब लोकांकडून लिहून घेतलेत. कसं लिहायचं ते मीच त्यांना सांगतो. विषय, संदर्भ, मग सरळ मजकूर. विषय लिहिला. पुढे पेन चालेना. शेवटी लिहिलं की माझ्या वडिलांच्या मृत्यूचा दाखला तेराव्याच्या आदल्या दिवसापासून माझ्या ताब्यात होता, माझ्या बहिणीने तो दोनदा मागितला, दोन्ही वेळा मी मिळाला नाही असं सांगितलं, तिने दिलेलं कारण खरं होतं. खाली सही केली, तारीख टाकली.

त्याने ते वाचलं, दोनदा. शेऱ्यावर आडवी रेघ मारली, बाजूला सही केली, माझा कागद पंच मारून तिच्या फाइलला लावला. पुन्हा जागा निघाली तर तिला कळवीन म्हणाला, पण नक्की सांगत नाही. मग टेबलावरचा दाखला उचलून माझ्याकडे सरकवला.

"हा न्या," तो म्हणाला. "याची आता गरज नाही."